आठ मीटरवरचा गडी

मैदानावर फक्कीच्या दोन रेघा मारायच्या, मध्ये आठ मीटर अंतर. ती पुराची नदी. अलीकडच्या काठावर सहा-सात मुलांचा गट, पलीकडे त्यांचाच एक गडी पोत्यावर बसलेला. गटाकडे सहा-सहा मीटरचे दोन दोर असतात, एक जाड सुती आणि दुसरा बारीक नायलॉनचा. नदीत कोणी पाऊल टाकायचं नाही. दोर जोडायचे, टोकाला फास करून फेकायचा आणि गड्याला पोत्यासकट गवतावरून ओढून आणायचं. शनिवारी दुपारी भरणाऱ्या आमच्या मुलांच्या क्लबात हा खेळ लावला की दोर, गाठ आणि गट या तिन्हींची परीक्षा एकदमच होते.

स्काऊटच्या शिक्षणात गाठी पहिल्यापासून आहेत. बेडन-पॉवेल यांनी 1907 साली ब्राउनसी बेटावर मुलांचं पहिलं शिबिर घेतलं, त्यातही त्या शिकवल्या होत्या. भारत स्काऊट्स आणि गाइड्सच्या प्रथम सोपानात आजही रीफ नॉट, शीट बेंड, क्लोव्ह हिच, बोलाइन या गाठी याव्या लागतात. पण पुष्कळ ठिकाणी त्या फळीवर खिळ्यांनी ठोकलेल्या नमुन्यांवरून शिकवतात. मुलं नमुन्यासारखी गाठ मारतात, सर बघतात, वहीत खूण होते. त्या गाठीला कोणी ओढलेलंच नसतं. खेळात मात्र तिला लगेच ओढ बसते आणि दुसऱ्या टोकाला आपलाच मित्र असतो.

पहिला प्रश्न दोर जोडण्याचा. बहुतेक मुलांचा हात आपोआप रीफ नॉटकडे जातो, कारण तीच आधी शिकवलेली असते. उजवं टोक डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून. गाठ चपटी आणि देखणी बसते, बँडेज बांधायला किंवा पुडकं आवळायला उत्तम. सारख्या जाडीच्या दोरांवर ती बरी वाटते. पण इथे एक दोर जाड आणि दुसरा बारीक, गुळगुळीत. दोघांनी दोन्हीकडून ओढलं की बारीक दोर ताठ होतो, त्याची वळणं जाड दोरावरून घसरतात आणि गाठ सुटून हातात येते. मुलांनी हे स्वतः ओढून पाहावं असा माझा आग्रह असतो. माणसाचं वजन घ्यायचं असेल तिथे रीफ नॉट वापरायची नाही, हे एकदा गाठ डोळ्यांदेखत सुटली की पुन्हा सांगावं लागत नाही.

इथे हवी शीट बेंड. जाड दोराचं टोक दुमडून त्याची दुहेरी कडी करायची आणि ती एकाने घट्ट धरायची. दुसऱ्याने बारीक दोर त्या कडीतून खालून वर काढायचा, जाड दोराच्या दोन्ही पदरांच्या मागून फिरवायचा आणि पुढे आणून स्वतःच्याच खालून सरकवायचा, पुन्हा कडीत घालायचा नाही. ओढ बसली की जाड कडी बारीक दोराला दाबून धरते. जाडीत फार फरक असेल तर मागून एकाऐवजी दोन वेढे द्यायचे. दोन्ही मोकळी टोकं गाठीच्या एकाच बाजूला आली पाहिजेत. विरुद्ध बाजूंना आली तर गाठ धरते, पण कमी भरवशाची असते. कडी धरणारा आणि दोर फिरवणारा असे दोघे लागले की काम झपाट्याने होतं. एकट्याने करायला गेलं तर कडी उलगडते, आणि घाईत असलेल्या गटात हेच बहुधा घडतं.

दुसरी गाठ बोलाइन, आणि माझ्या मते मुलांना एकच गाठ शिकवायची असेल तर हीच. तिचा फास ओढला तरी लहान होत नाही. मुलांना हे पटवायला एक रिकामी प्लास्टिकची बाटली पुरते. आधी बाटलीभोवती सरकता फास टाकून दोघांनी ओढायचं. बाटली कडकड आवाज करत मधोमध चेपते. मग त्याच दोराची बोलाइन बांधून तेवढ्याच जोराने ओढायचं. या वेळी बाटली तशीच राहते. बाटलीच्या जागी छाती असती तर, हे मुलांपैकीच कोणीतरी बोलतं. माणसाभोवती सरकता फास कधीच टाकायचा नाही आणि कुठलाही फास गळ्यात घालायचा नाही, हे दोन नियम त्यानंतर सांगायचे.

बोलाइन शिकवायची गोष्ट जगभरच्या स्काऊटांना ठाऊक आहे: ससा बिळातून वर येतो, झाडामागून फिरतो आणि परत बिळात जातो. दोराचा लांब भाग म्हणजे झाड, टोक म्हणजे ससा. बीळ करताना टोकाकडचा पदर लांब पदराच्या वर आला पाहिजे. मुलं चुकतात ती इथेच. बीळ उलटं झालं तर ससा सगळा प्रवास नीट करतो, गाठ लांबून बरी दिसते आणि ओढताच पूर्ण सुटते. म्हणून गाठ बसल्यावर तिला पाच-सहा जोराचे हिसके द्यायचे आणि मोकळं टोक निदान वीतभर उरलंय का ते पाहायचं. नायलॉन गुळगुळीत असतो. त्याची बोलाइन ओढ नसताना हलत राहिली तर सैल पडते, म्हणून उरलेल्या टोकाची फासाच्या पदरावर आणखी एक साधी गाठ मारायची.

एक गंमत मुलांना आपली आपण सापडू द्यावी. शीट बेंड आणि बोलाइन शेजारी ठेवून निरखल्या की दोन्हींची बांधणी एकच दिसते. शीट बेंडमध्ये एक दोर दुसऱ्या दोराच्या कडीत गुंततो, बोलाइनमध्ये दोर स्वतःच्याच वेढ्यात गुंततो. हे ज्याच्या लक्षात आलं त्याला दोन गाठी पाठ कराव्या लागत नाहीत.

आता हिशोब. दोन दोर मिळून बारा मीटर. जोडाला अर्धा मीटर जातो, काखेखालून छातीभोवती बसणाऱ्या फासाला दीड मीटर, आणि गटाच्या हातात निदान दीड मीटर हवा. उरले साडेआठ मीटर, नदी आठची. म्हणजे गाठ मारताना कोणी हात सैल सोडून मीटरभर दोर खर्ची घातला तर फास पलीकडे पोचतच नाही. एका खेपेला असंच झालं. सगळ्यांनी दोरावर हात टाकले, फेकणाऱ्याला मोकळा दोर उरलाच नाही आणि फास नदीच्या मध्यावर पडला. गटातली एक मुलगी म्हणाली, "अरे, आपण सगळ्यांनी कशाला धरलंय? फेकेपर्यंत एकानेच शेवट धरा ना." मग फेकणारा एक, मागचं टोक धरणारी एक, ओढणारे तिघे आणि गड्यावर डोळा ठेवून हुकूम देणारा एक अशी वाटणी त्यांनीच केली. दोराची लांबी बेताची ठेवली की अशी वाटणी करावीच लागते. लांब दोर दिला की सगळे एकदम ओढतात आणि गाठीकडे कोणी बघत नाही.

हुकमाचे शब्द आधी ठरवून घ्यावेत. पलीकडचा गडी फास काखेखाली घेतो, गाठीला स्वतः हिसका देऊन पाहतो आणि मगच "तयार" म्हणतो. तो शब्द आल्याशिवाय "ओढा" नाही. "थांब" मात्र कोणीही म्हणावं, अगदी बघे असतील त्यांनीसुद्धा, आणि ऐकताक्षणी दोर सैल सोडायचा. ओढताना हाताआड हात घेत सावकाश ओढायचं, धावत हिसका मारायचा नाही. दोर तळव्याला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही. निसटायला लागला तर मुठीतून सरकू द्यायचा नाही, सोडून द्यायचा. नायलॉन सरकताना तळवा भाजतो.

हात न गुंडाळण्याचा नियम रस्सीखेचीत तर फारच कडक पाळायला हवा. 1995 साली जर्मनीत वेस्टरनोहे इथल्या स्काऊटांच्या शिबिरात सुमारे साडेसहाशे जणांनी एकाच दोरावर रस्सीखेच केली. नायलॉनचा दोर तुटला. त्यात दोन मुलं दगावली आणि अनेक जखमी झाले. नायलॉन ताणला की लांबतो आणि तुटला की सगळा ताण एका झटक्यात परत फेकतो. शिवाय गाठ असलेला दोर सरळ दोराइतकं वजन पेलत नाही. गाठीपाशी त्याची ताकद तिसऱ्या हिश्श्याने, कधी निम्म्यानेही घटते. म्हणून रस्सीखेचीला जोडलेला दोर नको आणि नायलॉनही नको. जाड सुती किंवा मनिला दोर, दोन्हीकडे सात-आठ मुलं, आणि बघणारी मुलं दोराच्या रेषेत नाही, बाजूला.

गवतावरच्या खेळावरून खऱ्या पाण्यात उतरायचं धाडस मुलांच्या मनात येऊ नये, याची काळजी आपणच घ्यायची असते. बुडणारा माणूस घाबरलेला असतो, तो वाचवायला आलेल्याला धरून खाली नेतो. म्हणून मुलाने काठावरच थांबायचं, मोठ्यांना हाक मारायची, 112 ला फोन करायला कोणाला तरी पाठवायचं, आणि हाताशी असेल ते फेकायचं. पाण्यातला माणूस फास अंगात घालू शकेल असं धरून चालायचं नाही. त्याला तरंगणारी, धरता येईल अशी वस्तू हवी. झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन उत्तम. त्यात तळाशी थोडं पाणी ठेवलं की फेकायला वजन मिळतं आणि तो तरंगतोही. कॅनच्या मुठीला दोर बोलाइनने बांधायचा. माणसाच्या अंगावर न फेकता त्याच्या थोडा पलीकडे फेकायचा, म्हणजे दोर त्याच्या हाताशी येतो. आणि ओढणाऱ्याने काठावर पालथं पडायचं, नाही तर ओढीने तोच आत जातो.

आपल्याकडे गावोगावी शेततळी झाली, तेव्हापासून हे शिकवणं मला जास्त निकडीचं वाटतं. तळ्याचा प्लास्टिकचा कागद ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही. चांगलं पोहणाराही काठाशी येऊन वर चढू शकत नाही. त्यावर उपाय हातभर अंतरावर गाठी मारलेला दोर. तो काठाबाहेर पुरलेल्या खांबाला पक्का बांधायचा आणि कागदावरून पाण्यात सोडायचा, तळ्याच्या चारही बाजूंना एकेक. पॉलिप्रॉपिलीनचा दोर पाण्यावर तरंगतो, नायलॉनचा बुडतो, म्हणून इथे पॉलिप्रॉपिलीन बरा. मात्र उन्हाने तो कुजतो. तंतू पांढुरके पडून बोटाने चुरगळायला लागले की तो बदलायचा. असे दोर क्लबातली मुलं बांधू शकतात. गाठी मुलांनी माराव्यात, कागदावर दोर सोडायचं काम मोठ्यांनी करावं.

आमच्याकडे खेळ संपला की प्रत्येक गट आपल्या गाठी सोडतो, दोर गुंडाळतो आणि मोजून परत देतो. एकही दोर कमी भरला तर कोणी घरी जायचं नाही. मैदानाच्या कडेला झाडावर फास असलेला दोर विसरून राहिला आणि नंतर एखादं लहान मूल एकटं त्याच्याशी खेळायला लागलं, तर त्याच्या गळ्याला तो बसू शकतो. मोजणी गटनायकाने करायची असते, आणि ती दुसऱ्या गटाच्या नायकाने तपासायची.