मनोऱ्यावरच्या माळेत सर्वात जास्त ताण कुणाला?

ठाणे-कल्याण भागात महापारेषणची पडघा आणि कळवा ही ४०० केव्हीची उपकेंद्रं. तिथे येणाऱ्या वाहिन्यांच्या मनोऱ्यांवर बशा ओवल्यासारख्या इन्सुलेटरच्या माळा लटकलेल्या असतात. वाटतं, सगळ्या बशा सारखाच भार घेत असतील. तसं होत नाही.

प्रत्येक बशी म्हणजे एक छोटा कपॅसिटर. शिवाय दोन बशांमधला धातूचा सांधा आणि मनोरा यांच्यात हवा असते, म्हणजे तिथेही कपॅसिटर तयार होतो. तारेकडून येणारा चार्जिंग प्रवाह प्रत्येक सांध्यापाशी थोडाथोडा मनोऱ्याकडे निसटतो. त्यामुळे खालच्या, तारेलगतच्या बशीतून सर्वात जास्त प्रवाह जातो आणि तिच्यावरच सर्वात जास्त व्होल्टेज पडतं.

सोप्या गणितासाठी ३३ केव्हीच्या वाहिनीवरची तीन बशांची माळ घेऊ. तार ते जमीन १९.०५ केव्ही. हवेचा कपॅसिटर बशीच्या एक दशांश धरला, तर वरून खाली व्होल्टेजचं प्रमाण १ : १.१ : १.३१ येतं, म्हणजे अंदाजे ५.६, ६.१ आणि ७.३ केव्ही. समान वाटणी असती तर प्रत्येकी ६.३५.

एकूण व्होल्टेजला 'बशांची संख्या गुणिले तळच्या बशीचं व्होल्टेज' याने भागलं की माळेची कार्यक्षमता मिळते. इथे ती ८७ टक्के. गंमत म्हणजे बशा वाढवल्या की ती आणखी घटते! म्हणून उच्च दाबाच्या माळांना तारेच्या टोकाशी धातूचं कडं बसवतात. त्यातून सांध्यांना तारेकडून थेट प्रवाह मिळतो आणि निसटलेल्याची बरीच भरपाई होते.