काचेतल्या जुन्या फोटोची चमक आणि मोबाईलचं प्रतिबिंब कसं घालवायचं?

ग्राहक आजोबांचा फ्रेममधला फोटो डिजिटल करायला आणतो. फोटो काचेला चिकटलेला असेल तर ओढून काढू नका, वरचा थर सोलून निघतो. काचेतूनच काढा.

काच समोरचं उजळ ते दाखवते, म्हणून समोर काळोख हवा. फ्लॅश आणि खोलीतले दिवे बंद करा. फ्रेमच्या दोन्ही बाजूंना सारखे दिवे ४५ अंशांत तिरके ठेवा. मोठ्या काळ्या कापडाला लेन्सपुरतं भोक पाडा आणि मोबाईल त्यामागे धरा. थोडं मागे सरकून 2x वर क्लिक करा.

मग झूम करून बघा. आजोबांचा काळा कोट राखाडी, धुरकट दिसतोय? म्हणजे प्रतिबिंब अजून आहे. दिवे आणखी बाजूला सरकवा.