पत्रा घेताना आधी जस्त विचारा, मग गेज

पत्र्याच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती गेजचा?’ आपणही 24 किंवा 26 असं काहीतरी सांगून मोकळे होतो. पण छप्पर किती वर्षं टिकेल याचं उत्तर गेजमध्ये नसतं. पोलादाची जाडी माणसाचं आणि वाऱ्याचं वजन सोसते. गंज सोसतं ते त्यावरचं जस्त. या दोन गोष्टींचे आकडे वेगळे असतात आणि बिलावर बहुधा यातला एकही नसतो.

जस्ताचा आकडा ‘झेड’ अक्षरानंतर येतो. झेड 275 म्हणजे पत्र्याच्या एका चौरस मीटरवर 275 ग्रॅम जस्त, दोन्ही बाजूंचं मिळून. एका बाजूला त्याचं अर्धं, म्हणजे सुमारे 19 मायक्रॉनचा थर. झेड 120 मध्ये हाच थर जेमतेम 8 मायक्रॉनचा असतो. जस्त स्वतः झिजून पोलादाला वाचवतं, त्यामुळे थर दुप्पट तर आयुष्यही साधारण दुप्पट, असा हा सरळ हिशेब आहे.

झीज हवेवर ठरते. सोलापूरकडच्या कोरड्या गावात वर्षाला अर्धा मायक्रॉन जात असेल, तर झेड 120 सुद्धा पंधराएक वर्षं काढेल. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत मात्र वर्षाला 2 ते 4 मायक्रॉन जातात, आणि लाटांचे तुषार पोचतात तिथे त्याहून जास्त. 3 मायक्रॉन धरले, तर झेड 120 तीन वर्षांच्या आत संपतो आणि झेड 275 साधारण सहा वर्षं तग धरतो. म्हणूनच किनाऱ्याजवळ नुसत्या जस्तावर विसंबू नये, झेड 275 वर रंगाचा थर असलेला पत्रा घ्यावा असं माझं मत आहे. तिथे गंज अनेकदा वळचणीखालून सुरू होतो. वरच्या बाजूचं मीठ पावसाने धुऊन जातं. खालच्या बाजूला पाऊस पोचत नाही, त्यामुळे तिथे मीठ साचून राहतं. रंगीत पत्र्याची खालची बाजू सहसा अगदी पातळ रंगवलेली असते. तेव्हा खालचा रंग कसा आहे, हेही विचारून घ्यावं.

आता जाडी. समजा, रत्नागिरीजवळच्या एका घराच्या पडवीसाठी 0.50 मिलिमीटरचा साधा, बिनरंगाचा झेड 275 पत्रा मागितला. दुकानदार 0.50 म्हणतो ती बहुतेक वेळा जस्तासकट एकूण जाडी असते, म्हणजे टीसीटी. दोन्ही बाजूंचं जस्त मिळून 0.04 मिलिमीटर होतं, ते वजा केलं की आतलं पोलाद, म्हणजे बीएमटी, 0.46 उरतं. रंगीत पत्रा असेल तर रंगाची जाडीही याच 0.50 मध्ये धरली जाते आणि पोलाद 0.43 च्या आसपास येतं. यात फसवणूक असेलच असं नाही, पण दोन दुकानांचे भाव ताडून बघायचे तर दोन्हीकडचा आकडा बीएमटीचाच हवा.

पडताळा काट्यावर घेता येतो. पत्रा पन्हळी असला, तरी मूळ सपाट पट्टीची रुंदी धरायची. ती सहसा 1.22 मीटर असते. दहा फुटी पत्र्याचं सपाट क्षेत्रफळ 3.72 चौरस मीटर भरतं. एक मिलिमीटर जाडीचं पोलाद चौरस मीटरला 7.85 किलो भरतं. म्हणजे 0.46 चं पोलाद साधारण 13.4 किलो, त्यात एक किलो जस्त, एकूण 14.4 किलोच्या आसपास. काट्यावर 12 किलो दिसले, तर पोलाद 0.38 च्याच जवळ आहे असं समजावं.

काटा जस्ताची चोरी मात्र पकडत नाही. 0.50 जाडीचाच पत्रा झेड 120 चा दिला, तर कमी झालेल्या जस्ताची जागा पोलाद घेतं आणि वजन जवळपास तेवढंच राहतं. डोळ्यांनाही कळत नाही. पत्र्यावरच्या ठळक फुलांवरून जस्त भरपूर आहे असं अनेक कारागीर सांगतात, पण ती फुलं जस्ताच्या कुंडातल्या इतर धातूंवर आणि पत्रा किती वेगाने थंड झाला यावर अवलंबून असतात. खात्री हवी तर चुंबकीय जाडीमापकाने सपाट भागावर तीन-चार ठिकाणी मोजावं. बिनरंगाच्या झेड 275 वर एका बाजूला 19-20 मायक्रॉन दिसले पाहिजेत. मोठी खरेदी असेल, तर प्रयोगशाळेत तुकडा द्यावा. तिथे तो तोलून जस्त आम्लात विरघळवतात आणि पुन्हा तोलतात. जो फरक येतो तेवढं जस्त.

बजेट तोकडं असेल तर कुठे कापायचं? किनाऱ्याजवळ मी जस्तावर कधीच कापणार नाही. पोलाद 0.46 ऐवजी 0.42 घेता येईल, पण मग आधाराच्या आडव्या पट्ट्या जवळ घ्याव्या लागतात आणि छपरावर चढायचं तर फळी टाकूनच. कोरड्या भागात उलट: तिथे झेड 120 चालेल, पण माकडं आणि नारळ पडणाऱ्या जागी पोलाद जाड हवं.

ऑर्डर देताना बिलावर ‘0.46 बीएमटी, झेड 275, आयएस 277’ एवढं लिहून घ्यावं आणि कॉइलचं कारखान्याचं चाचणी प्रमाणपत्र मागावं. पत्रे घरी आले की ओले असताना थप्पी लावून ठेवू नयेत, कारण आत अडकलेल्या पाण्याने जस्तावर पांढरी भुकटी धरते आणि छप्पर चढण्याआधीच त्यातलं काही जस्त खर्ची पडतं.