उजळणीच्या कागदातलं स्वरांचं अंतर

मुंबई, पुणे आणि गोव्यात पियानो, गिटार, व्हायोलिन शिकणारी अनेक मुलं लंडनच्या एबीआरएसएम किंवा ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेड परीक्षा देतात. एबीआरएसएममध्ये वाद्याच्या सहाव्या ग्रेडला बसायचं असेल, तर आधी थिअरीची पाचवी ग्रेड किंवा तिच्या तोडीची परीक्षा पास व्हावी लागते. मग क्लासमधून उजळणीचे कागद मिळतात. त्यांवर स्केल, इंटरव्हल आणि कॉर्ड असे तीन तक्ते असतात आणि खाली लिहायचे व ऐकायचे छोटे प्रश्न. मुलं हे तीन तक्ते तीन वेगळे धडे समजून पाठ करतात आणि परीक्षेत गोंधळतात. खरं तर मधला तक्ता नीट समजला, की उरलेले दोन त्यातूनच तयार होतात.

इंटरव्हल म्हणजे दोन स्वरांमधलं अंतर. ते दोनदा मोजायचं असतं. आधी अक्षरं मोजायची. सी ते जी म्हणजे सी, डी, ई, एफ, जी. अक्षरं पाच, म्हणून हा फिफ्थ. पहिलं अक्षरही मोजायचं, हे विसरलं की उत्तर एकाने कमी येतं. सुरुवातीच्या कागदांवर हीच चूक सर्वांत जास्त दिसते. मग सेमीटोन मोजायचे. हार्मोनियमवर काळी-पांढरी एकही पट्टी न सोडता पुढे सरकलं, की प्रत्येक पाऊल एका सेमीटोनचं. इथे मात्र पहिली पट्टी मोजायची नाही, फक्त पावलं मोजायची. सी ते जी सात पावलं होतात, म्हणून हा परफेक्ट फिफ्थ, म्हणजे आपला षड्ज-पंचम. अक्षरांवरून अंतराचा आकडा ठरतो आणि सेमीटोनवरून त्याचा प्रकार.

आता परीक्षेत नेहमी येणारा एक प्रश्न सोडवू. डी या स्वरावर मायनर सिक्स्थ लिहा. सिक्स्थ म्हणजे सहा अक्षरं: डी, ई, एफ, जी, ए, बी. तेव्हा उत्तर बी या अक्षराचंच असणार, हे आधी पक्कं करायचं. डी ते बी नऊ सेमीटोन भरतात आणि तो मेजर सिक्स्थ असतो. मायनर त्याहून एका सेमीटोनने लहान, म्हणजे आठ. म्हणून बी अर्ध्या पायरीने खाली आणायचा. उत्तर आलं बी फ्लॅट.

बरीच मुलं इथे ए शार्प लिहितात. पट्टी तीच, काळी पाच. कानाला फरक नाही. तरी गुण जातात, कारण डी ते ए ही अक्षरं पाचच होतात आणि अंतराचं नाव ऑगमेंटेड फिफ्थ होतं. ही निव्वळ शिस्तीची बाब नाही. जी मायनर या कॉर्डचे स्वर जी, बी फ्लॅट आणि डी. ट्रेबल क्लेफमध्ये हे तिन्ही लागोपाठच्या तीन रेषांवर बसतात, एकावर एक. ते पाहताच वाजवणाऱ्याला कॉर्ड ओळखू येते आणि बोटं आपोआप जागेवर जातात. बी फ्लॅटऐवजी ए शार्प लिहिलं, तर मधला ठिपका रेषेवरून घसरून खालच्या घरात जातो आणि ओळखीची आकृती मोडते. पहिल्याच नजरेत वाचून वाजवणारा तिथे अडखळतो.

स्केलचा तक्ताही याच मापाने बनतो. मेजर स्केलमध्ये लागोपाठच्या स्वरांतली अंतरं 2, 2, 1, 2, 2, 2, 1 सेमीटोन अशी असतात. आपल्या बिलावल थाटाच्या पायऱ्या याच. डी मेजर लिहायचा तर आधी सातही अक्षरं ओळीने मांडायची: डी, ई, एफ, जी, ए, बी, सी आणि शेवटी वरचा डी. मग मापं तपासायची. ई ते एफ एकच सेमीटोन आहे, पण तिथे दोन हवेत, म्हणून एफ शार्प होतो. बी ते सी हीच अडचण, म्हणून सीसुद्धा शार्प. बाकी स्वर जसेच्या तसे. अशा पद्धतीने शार्प-फ्लॅट स्वतः काढणाऱ्या मुलाला यादी विसरण्याची भीती उरत नाही.

कॉर्डसाठी त्याच स्केलमधला एकाआड एक स्वर घ्यायचा. सी मेजरमध्ये सी, ई, जी घेतले तर खालचं अंतर चार सेमीटोनचं आणि वरचं तीनचं येतं; ही मेजर कॉर्ड. डी, एफ, ए घेतले तर आधी तीन, मग चार, ही मायनर. बी, डी, एफ यांत दोन्ही अंतरं तीनच भरतात, ती डिमिनिश्ड. मेजर स्केलमध्ये पहिल्या, चौथ्या आणि पाचव्या स्वरावर मेजर कॉर्ड येते, सातव्यावर डिमिनिश्ड आणि उरलेल्या तिन्हींवर मायनर.

कानाच्या प्रश्नांत आपल्याकडच्या मुलांची अडचण वेगळी असते. ज्यांनी आधी गाणं किंवा हार्मोनियम शिकलेली असते, त्यांचा कान षड्जाला बांधलेला असतो. सी हा सा धरून बसलेल्या मुलासमोर ई आणि जी वाजवले, की ते ‘ग, प’ असं ओळखतं. स्वर बरोबर ओळखले, पण विचारलेलं असतं अंतर. उपाय असा, की खालच्या स्वराला नवा सा मानायचं आणि तिथून गुणगुणत वर जायचं. मग वरचा स्वर कोमल गंधार लागतो, म्हणजे मायनर थर्ड. उतरत्या जोडीत चूक हमखास होते. सा आणि त्याखालचा मंद्र पंचम ऐकला की ‘पंचम आला, म्हणजे फिफ्थ’ असं उत्तर येतं. पण जी, ए, बी, सी ही अक्षरं चारच. तो परफेक्ट फोर्थ आहे. मंद्र पंचमाला सा मानून गायलं, तर वरचा स्वर शुद्ध मध्यम लागतो आणि शंका फिटते.

कॉर्ड ऐकताना मधल्या स्वराकडे लक्ष द्यायचं. सी, ई, जी आणि सी, ई फ्लॅट, जी यांत फरक तेवढाच आहे. कॉर्ड थांबली की तिचे स्वर खालून वर एकेक गायचे. गंधार शुद्ध लागला तर मेजर, कोमल लागला तर मायनर. हा सराव तानपुरा लावून करू नये. तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार पियानोच्या गंधारापेक्षा सेमीटोनच्या सुमारे सातव्या हिश्शाने उतरलेला असतो, त्यामुळे दोन्ही एकत्र ऐकले की कान द्विधा होतो.

परीक्षा जवळ आली असेल, तर तिन्ही तक्ते पुन्हा पाठ करत बसू नका. रोज कोणताही एक स्वर घ्या. त्यावर मेजर थर्ड, मायनर थर्ड आणि परफेक्ट फिफ्थ लिहा, वाजवा आणि गा. अक्षरं आधी मोजा, सेमीटोन नंतर. लिहिलेलं गाता येईना, तर उत्तर पुन्हा तपासा. बहुतेक वेळा चूक कागदावर आहे की गळ्यात, हे तिथेच कळतं.