इकडील सर्व क्षेम

समजा, एका पतसंस्थेचा संगणक रोज रात्री 2 वाजता थकीत हप्त्यांची यादी आपोआप काढतो आणि ती वसुली अधिकाऱ्याला ईमेलने जाते. आज एकही हप्ता थकलेला नाही. मग ईमेल जावा का?

युनिक्स जगाची जुनी शिकवण आहे की सांगण्यासारखे नसेल तर गप्प बसावे. ठरल्या वेळी कामे सुरू करणारा `cron` याच रीतीने वागतो. कामाने काही छापले तरच तो मेल धाडतो. ही शिस्त मला आवडते, पण तिच्यात एक खोट आहे. काम झाले आणि थकीत काही निघाले नाही, तरी शांतता. संगणकच बंद होता, तरीही तीच शांतता.

31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने चुकून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. रोजच्या बॅकअपकडे धाव घेतली, तर तो नव्हताच. बॅकअप घेणारा प्रोग्राम डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचा असल्याने काम दररोज फसत होते. फसल्याचे ईमेलही निघत होते, पण डीमार्क या तपासणीत बसत नसल्याने ते परत फिरवले जात. सुमारे सहा तासांपूर्वी एकाने हाताने घेतलेली प्रत होती म्हणून बाकीचे वाचले. त्या सहा तासांतली माहिती मात्र गेली.

म्हणजे फक्त बिघाडाची बातमी मागणे पुरत नाही. बातमी आणणारी वाटच बुजलेली असू शकते. मग रोज ‘सर्व ठीक’ पाठवावे? आठवडाभर वाचतात, नंतर ते न उघडताच बाजूला जातात. आणि एखाद्या दिवशी आलाच नाही, तर न आलेला मेल कोणाच्या लक्षात येणार?

म्हणून खुशाली माणसाला नव्हे, दुसऱ्या यंत्राला कळवावी:

```
0 2 * * * /opt/thakit.sh && curl -fsS "https://example.org/thakit"
```

`&&` मुळे पहिले काम यशस्वी झाले तरच पुढची हाक जाते. पलीकडचे यंत्र वेगळ्या संगणकावर असते. पावणेतीनपर्यंत हाक आली नाही, तर ते फोनवर संदेश पाठवते. ही सवलतीची पाऊण तासाची मुदत कामाच्या नेहमीच्या वेळेपेक्षा थोडी जास्त ठेवावी, नाहीतर जरा उशीर झाला की उगाच धावपळ.

तरी एक फट राहते. `thakit.sh` ला खात्यांची फाइल रिकामी मिळाली, तरी ‘थकीत 0’ हेच उत्तर येईल आणि हाक बिनदिक्कत जाईल. म्हणून त्याने आधी तपासलेली खाती मोजावीत आणि तीच शून्य निघाली तर अपयश कळवावे. अधिकाऱ्याला मी आठवड्यातून एकच ओळ पाठवेन: ‘सोमवार ते शनिवार 6 वेळा तपासले, दर वेळी 1,840 खाती, थकीत 0.’ त्यातला 1,840 उद्या 310 झाला, तर तो स्वतःच फोन उचलेल.