दलालाने डाळ दळली

आमच्या नातवाची शाळा इंग्रजी आणि खेळ हिंदीत. परिणामी ‘ळ’ त्याच्या जिभेवरून हळूहळू उतरू लागला. एकदा ‘वेळ झाली’ऐवजी तो ‘वेल झाली’ म्हणाला आणि आजीने खिडकीतल्या वेलीकडे पाहिले. प्रमाण हिंदीत ‘ळ’ नाही. मराठी, गुजराती व मारवाडीत मात्र आहे. तो टिकावा म्हणून आम्ही जुन्या जीभवळणीचा आधार घेतला.

‘चटईला टाचणी टोचली’ हे वाक्य सर्वांना ठाऊक आहे. ते अडखळवते कशाने? ‘चटई’त आधी च, मग ट, ‘टाचणी’ व ‘टोचली’त आधी ट, मग च. अक्षरे तीच, पण क्रम उलटतो. घाईत जीभ जुनाच क्रम धरते आणि ‘चाटणी’ बाहेर पडते. एकच अक्षर पुन्हा पुन्हा आणून हे साधत नाही. ‘दादाने दिले दहा दिवे’ हे कोणीही सहज म्हणतो, कारण जिभेला जागा बदलावी लागत नाही.

म्हणून नवे वाक्य रचताना प्रथम उच्चारस्थाने जवळ असलेली जोडी निवडावी. आम्ही दोन जोड्या घेतल्या: द-ड आणि ल-ळ. द व ल उच्चारताना जीभ दातांजवळ राहते. ड व ळ यांसाठी ती मागे वळून टाळूला लागते. नंतर या अक्षरांचे शब्द जमवले. वाशीच्या दाणाबाजाराची ओळख असलेल्या घरात ते सहज सापडले. ‘दलाल’मध्ये द-ल, ‘डाळ’मध्ये ड-ळ, ‘दळणे’मध्ये द-ळ आणि ‘डोलणे’मध्ये ड-ल. चारही जुळण्या मिळाल्या! शेवटी त्यांना अर्थाच्या दोऱ्यात ओवले:

‘दलालाने डाळ दळली, डाळ दळून दलाल डोलला.’

अर्थ हवाच, चित्र डोळ्यांपुढे आले की वाक्य लक्षात राहते. लांबीही एका श्वासात मावेल इतकीच असावी, अन्यथा चूक जिभेची की दमाची, हे कळत नाही.

पारख सोपी आहे. प्रथम तीनदा सावकाश म्हणावे. सावकाश म्हणतानाही ‘ळ’ जमत नसेल, तर वेग वाढवू नये. आधी ‘वेल-वेळ’, ‘काल-काळ’, ‘मूल-मूळ’ अशा जोड्या म्हणून घ्याव्यात, कारण घाईने चुकीचा उच्चारच पक्का होतो. सावकाश जमले, की पाच वेळा भरभर म्हणावे. प्रत्येकजण त्याच ठिकाणी अडखळला, तर रचना साधली. कोणीच अडखळले नाही, तर शब्दांचा क्रम बदलावा.

आमच्या घरी पहिला अडखळलो मी. ‘डलालाने दाळ’ म्हणून बसलो. नातू पोट धरून हसला आणि मला सुधारण्याच्या भरात ‘डाळ’ अगदी स्वच्छ म्हणाला.