नवी जागा हवी? आधी बिलं मोजा

"काम खूप वाढलंय, एक माणूस द्या." असा अर्ज वरिष्ठांकडे गेला की बहुतेक वेळा तसाच परत येतो. काम वाढलंय हे त्यांना पटत नाही असं नाही. किती वाढलंय, एवढंच त्यात लिहिलेलं नसतं.

चाकणच्या एखाद्या मध्यम कारखान्याचा लेखा विभाग घेऊ. समजा, महिन्याला पुरवठादारांची २,००० बिलं येतात आणि ती पाहायला दोघं आहेत. चार आठवडे प्रत्येक बिलाला लागलेली मिनिटं लिहून ठेवली. १,६०० सरळ बिलांना आठ-आठ मिनिटं लागली. उरलेल्या ४०० बिलांवर पीओ नंबरच नव्हता, त्यांना २६ मिनिटं. एकूण सुमारे ३८७ तास झाले. जीएसटीची जुळवणी आणि पुरवठादारांचे फोन यांचे १०० तास वेगळे. दोघांचे कागदोपत्री ४०० तास भरतात, पण रजा, बैठका वजा जाता हाती ३००च येतात. तूट १८७ तासांची.

इथेच घाई नडते. वरिष्ठ पहिला प्रश्न विचारतात तो त्या ४०० बिलांचा. म्हणून आधी खरेदी विभागाशी बोलून निम्मी बिलं पीओ नंबरासह यायला लावावीत. त्यातून ६० तास वाचतात. तरीही १२७ तास उरतात आणि एका माणसाचे खरे तास १५० असतात. आता ही मागणी टिकते.

पगार २५,००० असला तरी भविष्यनिर्वाह निधी, बोनस, ग्रॅच्युइटी धरून वर्षाचा खर्च चार लाखांच्या आसपास जातो. संगणक आणि शिकवण्याचा खर्च धरून पहिल्या वर्षी साडेचार लाख.

परताव्यात मात्र "वेळ वाचेल" असं लिहू नये. वाचलेल्या तासाचे रुपये कोणत्या खात्यात दिसणार? बाहेरच्या हिशेबनीसाला दिले जाणारे दरमहा १५,००० थांबतील, हे दिसतं. लवकर पैसे दिल्यास मिळणारी दोन टक्के सूट उशिरामुळे बुडते, त्यातले महिन्याला ३०,००० परत मिळतील, हेही दिसतं. दोन्ही मिळून वर्षाला ५.४० लाख. नवा माणूस शिकण्यात तीन महिने घालवणार, म्हणून पहिल्या वर्षी ४.०५ लाखच धरावेत. म्हणजे पहिलं वर्ष ४५ हजार तोट्याचं. तो तोटा अर्जात स्पष्ट लिहावा. लपवलेला आकडा वित्त विभाग शोधतोच आणि मग बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

एक धोका वेगळा मांडावा. २००६च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे, करार असला तरी, ४५ दिवसांपलीकडे थकवता येत नाहीत. थकले तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. अशी किती बिलं थकली, ते यादीसह द्यावं. पण न भरलेलं व्याज परताव्यात मिळवू नये.

अर्जाच्या शेवटी सहा महिन्यांनी तपासायचे दोन आकडे लिहून द्या: बुडालेली सूट आणि ४५ दिवसांवर गेलेली बिलं.